दीड कोटीची मालमत्ता आणि महिन्याची ओढाताण: जळगावचं एक प्रकरण

आप्पा जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये हिशेबनीस होते. २०१६ मध्ये ५८व्या वर्षी निवृत्त झाले. माई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. दोन मुलं पुण्यात, मुलगी चाळीसगावला दिलेली. मी त्यांचं आयकर विवरणपत्र भरत आलो आहे, त्यामुळे त्यांच्या पैशाची नस मला ठाऊक होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. घडलेल्या गोष्टी आणि त्यांचा क्रम तोच ठेवला आहे.

२०२३ च्या भावाने त्यांची मालमत्ता अशी होती. रिंग रोडच्या पलीकडे दुमजली घर, ६५ लाख. एका कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर गाळा, २७ लाख. गावाबाहेर प्लॉट, लोक सांगायचे तो भाव १८ लाख. पारोळा तालुक्यात वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, २२ लाख. आणि २५ तोळे सोनं, त्या वेळच्या भावाने १५ लाख. बेरीज दीड कोटीला टेकते. भाऊबंदात आप्पांचं नाव 'चांगलं कमावलेला माणूस' असंच होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

तरी डिसेंबर २०२३ मध्ये अँजिओप्लास्टीचं तीन लाख दहा हजारांचं बिल भरायला या घरात रोकड नव्हती.

दीड कोटी महिन्याला किती देतात

मी २०२२-२३ हे एक वर्ष पासबुकावरून उतरवून काढलं. त्या वर्षी ना कोरोना होता, ना घरात लग्नकार्य. वरचा मजला साडेसात हजारांनी भाड्याने दिलेला, पण जुना भाडेकरू गेल्यावर नवा मिळेपर्यंत तीन महिने रिकामा होता. गाळ्याचे आठ हजार बाराही महिने आले. दोन्ही मिळून भाडं १ लाख ६३ हजार ५००. त्यातून महापालिकेची घरपट्टी, गाळ्याचा मेंटेनन्स, दलाली आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग असे ७३ हजार गेले. वॉटरप्रूफिंग दर वर्षी नसतं हे खरं, पण ते नसतं त्या वर्षी मोटार जळते किंवा ड्रेनेज तुंबतं. हातात उरले साडेनव्वद हजार. वरचा मजला आणि गाळा मिळून ५७ लाखांची वास्तू आणि तिचं निव्वळ उत्पन्न वर्षाला जेमतेम १.६ टक्के. साधं बचत खातंही यापेक्षा जास्त देतं.

शेत धाकट्या भावाकडे वाट्याने. त्या हंगामात खानदेशातल्या बहुतेक घरांत घडलं तेच तिथेही घडलं. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून या वर्षी सगळ्यांनी घरात गंजी घालून वाट पाहिली आणि भाव खाली आला. आप्पांच्या वाट्याला आले ३५ हजार. त्याआधी २०१७ ला गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा तेवढेही आले नव्हते.

राहिली ईपीएफची पेन्शन, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. बत्तीस वर्षं नोकरी करूनही महिन्याला दोन हजार दोनशे. लोकांना हा आकडा चुकीचा वाटतो, म्हणून त्याचं गणित सांगतो. पेन्शनसाठीचा पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर, असं त्याचं सूत्र आहे. पण 'पेन्शनसाठीचा पगार' म्हणजे खरा पगार नव्हे. सप्टेंबर २०१४ पर्यंत त्याला साडेसहा हजारांची मर्यादा होती, त्यानंतर पंधरा हजारांची. योजना नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, त्यामुळे त्याआधीची सेवा या सूत्रात जवळपास धरलीच जात नाही. १९ वर्षं साडेसहा हजारांवर आणि दोनेक वर्षं पंधरा हजारांवर धरली, की उत्तर दोन हजार दोनशेच्या आसपास येतं. ही पेन्शन वाढतही नाही.

तिन्ही मिळून वर्षाचे १ लाख ५२ हजार. दोघांचा खर्च, औषधं आणि देणंघेणं धरून, ३ लाख ६० हजार. दर वर्षी दोन लाखांच्या वर खड्डा.

खड्डा कसा भरला जात होता

निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून १९ लाख आले होते. त्यातले ११ लाख आप्पांनी महिन्याच्या आत प्लॉटमध्ये घातले. चार लाख मुलीच्या लग्नात गेले, चार लाखांची एफडी केली. एफडीचा थोडा-थोडा तुकडा मोडत चार वर्षं निघाली. कोरोनात गाळा वर्षभर बंद राहिला, भाडेकरू थकबाकी ठेवून गेला, आणि २०२० संपता संपता एफडीही संपली. पुढे धाकटा मुलगा पुण्याहून जमेल तेव्हा पाठवायचा. त्याचा स्वतःचा फ्लॅटचा हप्ता चालू होता.

या प्रकरणातला कळीचा क्षण मात्र डिसेंबर २०२३ चा नाही, तो २०१९ चा आहे. त्या वर्षी मेडिक्लेमचा ३१ हजारांचा हप्ता आला आणि एफडी आटताना बघून आप्पांनी तो भरला नाही. 'एक वर्ष थांबू, प्लॉट विकला की पुन्हा घेऊ,' असं ते म्हणाले. त्या दिवशीही त्यांच्याकडे कोटीच्या वर मालमत्ता होती. प्लॉटचा एक गुंठा विकून विम्याचा हप्ता भरता येत नाही, गाळ्याचं शटर विकता येत नाही. मालमत्ता विकायची तर अख्खी, आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. हप्ता मात्र तारखेला भरावा लागतो. विमा बंद पडला, चार वर्षांनी हृदयविकार आला, आणि जे बिल विमा कंपनीने भरायचं ते सोन्यावर आलं.

मे २०१६ मध्ये तेच ११ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता आले असते. निवृत्त होणाऱ्याला ती ५५व्या वर्षापासून खुली असते. तेव्हा दर ८.६ टक्के होता, म्हणजे वर्षाला ९४ हजार ६००, दर तिमाहीला २३ हजार ६५० खात्यात. विम्याचा हप्ता त्यातून सहज गेला असता. तेव्हा मी हे बोललो होतो. आप्पांचं उत्तर जळगावात कोणीही देईल तेच होतं: 'भाऊ, व्याजाने कोण मोठं झालं? जागा कधी खाली येते का?'

जागेची गोष्ट इथेच पुरी करतो. प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती नव्हता, सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं. अशा प्लॉटवर बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे रोखीचं गिऱ्हाईकच शोधावं लागतं, आणि रोखीवाल्याला विकणाऱ्याची निकड लगेच कळते. १८ लाख हा भाव कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरचा होता. प्रत्यक्ष पहिली बोली आली साडेनऊ लाखांची. शेवटी २०२५ च्या दिवाळीनंतर साडेअकरा लाखांना व्यवहार झाला. ११ लाखांचे साडेनऊ वर्षांत साडेअकरा, आणि मधल्या काळात एक रुपयाही उत्पन्न नाही.

सोन्याचा हिशेब

बिलासाठी माईंचे गोठ, मोहनमाळ आणि दोन जुन्या अंगठ्या बँकेत गहाण ठेवायचं ठरलं. घरच्या हिशेबात हे पावणेदहा तोळे. बँकेच्या मूल्यांककाने काउंटरवर गोठ हातात घेतले, वजन केलं आणि विचारलं, 'लाखेचे आहेत ना?' १९८८ चे गोठ, आत लाख भरलेली. वरचा पत्रा तेवढा सोन्याचा. अंगठ्यांतले खडे वजा, माळेतला दोरा वजा. ९७ ग्रॅमचे ७८ झाले. बँक कर्ज देते ते या निव्वळ वजनावर, बावीस कॅरटच्या भावाने, आणि तेव्हा त्याच्याही पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच. घडणावळीचा पैसा त्यात कुठेच नसतो. तो खरेदीच्या दिवशीच गेलेला असतो. कर्ज मिळालं ३ लाख १० हजार, व्याज दहा टक्के.

घरी आल्यावर आम्ही उरलेलं सगळं सोनंही तसंच मांडून पाहिलं. २५ तोळ्यांतून लाख, खडे, दोरे आणि फासे काढले तर २२ तोळे. जुनं सोनं हॉलमार्कच्या आधीचं, कस कमी. शुद्ध सोनं धरलं तर साडेएकोणीस तोळे. त्यातले बारा तोळे माईंचं स्त्रीधन. ते सुनांना आणि लेकीला जायचं हे ठरलेलं. माई एरवी आप्पांपुढे फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी अहिराणीत एकच वाक्य बोलल्या: 'आते आनखी सोनं इकानं नही.' म्हणजे निवृत्तीची पुंजी म्हणून जे २५ तोळे धरले होते त्यातले निम्मे कधीच विकले जाणार नव्हते. सोन्याच्या चर्चेत हा भाग कोणी धरत नाही. विकायची परवानगी नसलेली संपत्ती म्हातारपणाच्या खर्चात मोजून उपयोग नाही.

वर्षभर व्याज भरलं गेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बँकेचं पत्र आलं, तेव्हा आप्पांनी जावयाकडून दोन दिवसांसाठी पैसे घेऊन दागिने सोडवले आणि सराफ बाजारात विकले. जावयापुढे हात पसरणं त्यांना बिलापेक्षा जड गेलं, हे त्यांनी नंतर दोनदा बोलून दाखवलं. सराफाने कस लावला, घट धरली आणि ५ लाख २० हजार दिले. बँकेचे ३ लाख ४१ हजार वजा जाऊन उरलेले पावणेदोन लाख पावसाळ्यापर्यंत घरखर्चात संपले. त्याच वर्षी, २०२५ मध्ये, सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला.

हे ऐकून वाचणारा म्हणेल, मग सोनं चांगलंच की! भाव तर वाढला. भाव वाढतो याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला महिन्याला पैसे लागतात तो विकायची वेळ निवडत नाही, वेळ त्याला निवडते. आप्पांनी वाढीच्या मध्यावर विकलं. २०१२ च्या अखेरीस तोळा ३० हजारांच्या वर होता आणि २०१५ मध्ये २५-२६ हजारांवर आला होता. त्या काळात कोणाला हेच करावं लागलं असतं तर तो तोट्यात गेला असता. आणि विकलेलं सोनं पुढच्या महिन्यात काही देत नाही. दर खेपेला तुकडा तोडायचा, आणि आपण किती वर्षं जगणार हे माहीत नसताना तो किती मोठा तोडायचा हे ठरवायचं. पंच्याहत्तरीतल्या माणसाला हा हिशेब दर वर्षी नव्याने करायला लावणं मला क्रूर वाटतं.

भुसावळची बहीण

याच घरात तुलनेसाठी दुसरं उदाहरण तयार होतं. माईंची मोठी बहीण भुसावळची. आप्पांचे साडू रेल्वेत तंत्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक दोन खोल्यांचा फ्लॅट, माईंच्या मानाने चिमूटभर सोनं, आणि रेल्वेची पेन्शन. पेन्शनवर जानेवारी आणि जुलैला महागाई भत्ता वाढतो, ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के जास्त मिळतात. २०२२ मध्ये साडू गेले. पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर बहिणीचं नाव होतंच. मृत्यूचा दाखला आणि अर्ज बँकेत दिला आणि कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या खात्यात यायला लागलं. तिला मुलाची सही लागली नाही, दिराची नाही, तलाठ्याची नाही.

आता आप्पांच्या पश्चात काय होईल ते मी माईंसमोरच मांडलं. आप्पांना अवघड वाटलं, माईंना नाही. ईपीएफच्या पेन्शनची निम्मी, म्हणजे अकराशे, माईंना. मृत्युपत्र नसेल तर घर आणि गाळा माई, दोन मुलं आणि मुलगी अशा चौघांत समान. गाळा विकायचा तर चार सह्या, भाडं कोणी गोळा करायचं याची बोलणी वेगळी. शेतात तर त्याआधी आप्पांच्या भावा-बहिणींचे हिस्से आहेत. मुलं वाईट नाहीत. पण बायका बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि जास्त जगतात, म्हणजे माईंना एकटीने दहा-पंधरा वर्षं काढावी लागतील हे धरूनच चालायला हवं. त्या काळात घरपट्टी भरणं, भाडेकरूशी वाद घालणं, सराफाशी घासाघीस करणं हे सगळं त्यांच्यावर येणार. पेन्शनचं बलस्थान मला रकमेपेक्षा इथे दिसतं. सत्तरीतल्या बाईने काहीही केलं नाही तरी ती खात्यात येते.

काय विकलं, काय ठेवलं

सगळं विका असं मी कधीच म्हणालो नाही. राहतं घर हलवायचं नव्हतं. गाळा निवडला, कारण तो एकट्या आप्पांच्या नावावर होता, कागद स्वच्छ होते, बँक त्यावर कर्ज देत होती, म्हणून गिऱ्हाईक लवकर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये २७ लाखांना विकला. २००४ मध्ये घेतला होता सहा लाखांना. जुलै २०२४ च्या बदलानंतर अशा जुन्या मिळकतीवर दोन पर्याय असतात: खरेदी किंमतीला महागाई निर्देशांक न लावता नफ्यावर १२.५ टक्के कर, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. आप्पांच्या बाबतीत निर्देशांकाने खरेदी किंमत सव्वाएकोणीस लाखांवर गेली, त्यामुळे दुसरा पर्याय लाखभराने स्वस्त पडला. कर आणि दलाली जाऊन हातात २५ लाख राहिले.

त्यातले एक लाख उसनवारीत फेडले, तीन लाख अडीअडचणीसाठी एफडीत ठेवले. १२ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८ हजार ४००. उरलेल्या नऊ लाखांची दोघांच्या आयुष्यभराची वार्षिकी घेतली, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि तिने मरेपर्यंत ठरलेली रक्कम देत राहायची. आप्पा आहेत तोवर त्यांना, नंतर माईंना तेवढीच रक्कम शेवटपर्यंत.

वार्षिकीवर घरात बराच वाद झाला. विमा कंपनीने दोन आकडे दिले होते. शेवटी मुद्दल वारसांना परत करायची असेल तर वर्षाला साडेसहा टक्के, नको असेल तर साडेसात. आप्पांना मुद्दल परत हवी होती, 'पोरांना काही तरी राहायला नको का?' म्हणून. मी म्हणालो, आप्पा, पोरांना घर राहतंय, शेत राहतंय, माईंचं सोनं राहतंय. नऊ लाखांच्या परतीसाठी तुम्ही दोघं मरेपर्यंत दर वर्षी नऊ हजार सोडताय. ते गप्प बसले. थोरल्या मुलाने फोनवर 'आम्हाला नको' असं सांगितलं तेव्हा विषय संपला. वर्षाला साडेसदुसष्ट हजार, महिन्याला ५ हजार ६२५.

प्लॉटचे पैसे आल्यावर त्यातले ११ लाखही ज्येष्ठ नागरिक योजनेत गेले. तिची एकूण मर्यादा ३० लाख, त्यामुळे अडचण नव्हती. त्यातून आणखी ९० हजार २००. आता योजनेचं व्याज, वार्षिकी, ईपीएफची पेन्शन आणि वरच्या मजल्याचं खर्च वजा जाता अंदाजे ६८ हजार भाडं मिळून साडेतीन लाख होतात. खर्च तीन लाख साठ हजार. शेताचे पैसे यात धरलेले नाहीत. आले तर वरचे दहा हजार त्यातून भागतात, नाही आले तर एफडी आहे.

या मांडणीची दुबळी बाजू आप्पांना कोऱ्या कागदावर लिहून दिली आहे. रेल्वेच्या पेन्शनसारखा इथे महागाई भत्ता नाही. वार्षिकीची रक्कम गोठलेली, महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत तिची किंमत निम्मी. ज्येष्ठ नागरिक योजना पाच वर्षांची, तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, पण तेव्हाचा दर कमी असू शकतो. म्हणून आप्पांच्या वाट्याचं जे थोडं सोनं उरलं आहे ते पंच्याहत्तरीपर्यंत विकायचं नाही. तेव्हा ते विकून त्या वयाच्या दराने दुसरी छोटी वार्षिकी घ्यायची. वय जितकं जास्त तितका वार्षिकीचा दर चढा मिळतो. अँजिओप्लास्टीनंतर नवा मेडिक्लेम परवडण्यासारखा मिळाला नाही. आयुष्मान भारतमध्ये सत्तर वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ पासून आहे, पण आप्पांना सत्तरी गाठायला २०२८ उजाडेल. तोवर एफडीतल्या तीन लाखांना हात लावायचा नाही.

हे सगळं बघून आप्पांचे धाकटे भाऊ, वय ५२, केळीचे पैसे घेऊन आले. त्यांनाही लगेच वार्षिकी हवी होती. त्यांना मी परत पाठवलं. त्या वयाला दर कमी, पैसा कायमचा अडकतो आणि अजून निदान दहा वर्षं कमाई आहे. त्यांना सांगितलं, आधी पारोळ्याच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या वारसांची नोंद करून घ्या, बहिणींशी बोलून वाटणी नोंदवा, आणि मेडिक्लेमचा हप्ता चुकवू नका. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. दोन बहिणींच्या सह्या व्हायच्या आहेत.